गुलाबजामने पाक किती प्यायला? मॅक्रो काढायची घरगुती पद्धत

गुलाबजामची रेसिपी कॅलरीच्या अॅपमध्ये टाकायला बसलं की बहुतेकजण एकाच ठिकाणी अडकतात. पाकाला अर्धा किलो साखर घेतली म्हणून अर्धा किलो साखर टाकतात, वीस जामांनी भागतात, आणि एका जामात पंचवीस ग्रॅम साखर दिसली की डब्याचं झाकण लावून टाकतात. पण पातेल्यात बघा ना, जाम संपले तरी निम्म्याहून जास्त पाक तसाच उरलेला असतो, तो कोणी खाल्लेलाच नाही. याच्या उलट काहीजण "पाक काय, चमचाभर जात असेल" म्हणून साखर मोजतच नाहीत, आणि तेही तितकंच चूक. खरा आकडा मध्ये कुठेतरी असतो आणि तो काढायला वजनकाटा सोडून काहीही लागत नाही.

काटा म्हणजे ५ किलोपर्यंत मोजणारा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल किचन काटा. एकेक जाम मोजत बसायचं नाही, सगळा घाणा एकत्रच मोजायचा, कारण काटा एखाद ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो आणि एका जामात पाक जातो तोच मुळी बारा-पंधरा ग्रॅम, म्हणजे एकावर मोजलं तर चूक केवढी होईल बघा. वीसवर मिळून तोच एक ग्रॅम कुठल्या कुठे विरून जातो.

खाली सगळं एका उदाहरणावर करून दाखवतो. पाव किलो खवा, ५० ग्रॅम मैदा, चिमूटभर सोडा, मळायला दोन चमचे दूध म्हणजे साधारण १० ग्रॅम. पुण्यात डेअरीत खवा मागताना गुलाबजामला हवाय असं सांगा म्हणजे मऊ, ओलसर देतात, पेढ्याचा कोरडा खवा घेतला तर जाम आत घट्ट होतात आणि पाकही कमी पितात. तुमचं प्रमाण वेगळं असलं तर आकडे तुमचे घाला, पद्धत तीच राहते.

पायरी १: पाक उकळून झाल्यावर मोजा, आधी नाही

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि हीच लोक सोडतात. पाकात साखर किती टक्के आहे हे माहीत असल्याशिवाय जामने प्यायलेल्या पाकाचं वजन कळून काही उपयोग नाही. आणि ते टक्के साखर-पाण्याच्या मूळ मापावरून कळत नाहीत, कारण उकळताना पाणी उडतं, साखर उडत नाही.

म्हणून आधी रिकामं पातेलं मोजून कागदावर लिहून ठेवा. आपलं पातेलं ६४० ग्रॅमचं आहे असं धरू. त्यात ५०० ग्रॅम साखर आणि ५०० ग्रॅम पाणी घालून उकळायला ठेवलं, पाक बोटाला चिकट लागायला लागला की गॅस बंद केला. वेलची, केशर जे काय असेल ते वजनाला धरू नका. आता काट्यावर जाड लाकडी फळी ठेवा, काटा शून्य करा आणि त्यावर पातेलं ठेवा, गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं तर आकडा भरकटतो आणि काटाही लवकर जातो. आकडा आला १४४०. पातेल्याचे ६४० वजा केले की पाक ८०० ग्रॅम.

साखर अजूनही ५०० च आहे. म्हणजे ५०० भागिले ८००, साडेबासष्ट टक्के. १ ग्रॅम पाकात ०.६२५ ग्रॅम साखर, आणि साखरेच्या ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या की १ ग्रॅम पाक म्हणजे अडीच कॅलरी. हा अडीचचा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

गुलाबजामचा पाक साधारण साठ ते पासष्ट टक्क्यांच्या आसपास चांगला. तार येऊ द्यायची नाही. एकतारी झाला की तो इतका दाट होतो की आत शिरत नाही, उलट जाममधलंच पाणी बाहेर ओढून घेतो, मग जाम सुरकुततात आणि मधे कोरडे राहतात. याचा हिशोबावर पण परिणाम होतो, त्यावर पुढे येतो.

पायरी २: तळण्यात गेलेलं तेल

विषय पाकाचा असला तरी हे सोडून चालत नाही, कारण पाकाची साखर अगदी बरोबर काढली आणि तेल विसरलं तर एकूण आकडा गंडतोच. आणि तेलाची गंमत अशी आहे की जामच्या वजनावरून ते दिसत नाही. तळताना आतलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्या जागी थोडं तेल शिरतं, वजन एकीकडून घटतं, दुसरीकडून वाढतं, त्यामुळे तळलेला जाम कच्च्या गोळ्यापेक्षा हलकाच भरतो आणि आपल्याला वाटतं की तेल काही गेलंच नाही.

म्हणून जाम नाही, कढई मोजायची. तळायच्या आधी कढई तेलासकट मोजा. तळून झालं की कढई पूर्ण थंड होऊ द्या, गरम तेलाची कढई उचलून काट्यावर ठेवायचा उद्योग अजिबात करू नका, रात्री मोजली तरी चालते. तेलात एखादा जाम फुटून चुरा पडला असेल तर तो आधी झाऱ्याने काढून घ्या. टिश्यूवर निथळत असाल तर टिश्यू पण आधी आणि नंतर मोजा.

आपल्या उदाहरणात मळलेला गोळा ३१० ग्रॅम भरला. त्यातली १० ग्रॅमची एक गोटी तेल तापलंय का बघायला टाकली, बाकीचे १५ ग्रॅमचे बरोबर वीस गोळे केले, म्हणजे ३०० ग्रॅम. तळून झाल्यावर कढई ३६ ग्रॅमने हलकी झाली, त्यातले ६ ग्रॅम टिश्यूने प्यायले. राहिले ३० ग्रॅम, ते वीस जामांमध्ये. दर जामामागे दीड ग्रॅम तेल, साधारण साडेतेरा कॅलरी. खव्याचं थोडं तूप सुटून तेलात उतरतं हे खरं, पण काट्यावर आपल्याला निव्वळ फरकच दिसतो आणि दोन्हीच्या कॅलरी जवळपास सारख्याच, म्हणून त्याची काळजी नको. तुपात तळलं तरी हाच हिशोब.

पायरी ३: पाकात सोडताना पातेलंच काट्यावर ठेवा

इथे बऱ्याच जणांची तारांबळ होते, कारण तळलेले जाम गरम असतानाच कोमट-गरम पाकात जायला हवेत आणि मोजत बसलं तर ते गार होतात. सोपा उपाय असा की पाकाचं पातेलं फळीसकट काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि जाम टिश्यूवरून उचलून थेट पाकात सोडत जा. जो आकडा वाढेल ते तळलेल्या जामांचं वजन. काटा मधेच आपोआप बंद होतो, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर आकडा लिहून घ्या.

आपले वीस जाम भरले २९० ग्रॅम. म्हणजे बघा, ३०० चे गोळे, त्यात ३० तेल गेलं, आणि तरी २९० च. ४० ग्रॅम पाणी उडालं. मगाशी म्हटलं ते हेच.

आता झाकण ठेवून चार-पाच तास सोडून द्या. पहिल्या तासात बराच पाक आत जातो, पण मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. सोड्यामुळे आणि वाफेमुळे आत बारीक बारीक पोकळ्या झालेल्या असतात आणि जाम मुरतो म्हणजे पाक त्यांच्यात हळूहळू भरत जातो. मुरला का हे बघायला एक जाम सुरीने मधोमध कापा (हा कापलेला खायचा हक्क मोजणाऱ्याचा, पण वजन झाल्यावर). मधे पांढरट, कोरडं, पिठूळ वर्तुळ दिसलं तर अजून थांबा. सगळीकडे सारखा ओलसर रंग आणि जाळी दिसली तर झालं. कापायचं नसेल तर दोन-तीन जाम बाहेर काढून मोजा, तासाभराने तेच परत मोजा, वजन हललं नाही म्हणजे पाक पिणं थांबलंय.

पायरी ४: निथळून मोजा

झाऱ्याने जाम काढून चाळणीत ठेवा, खाली ताट, आणि दोन मिनिटं थांबा. पुसायचे नाहीत, दाबायचे नाहीत. बाहेरून चिकटलेला पाक पण आपण खातोच, तो मोजणीत यायलाच पाहिजे. फक्त दरवेळी दोन म्हणजे दोनच मिनिटं, एकदा अर्धं आणि एकदा दहा असं केलं तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि ज्या तापमानाला खाणार त्याच तापमानाला मोजा. फ्रीजमधल्या गार पाकाचा थर जाड बसतो, गरम पाकाचा पातळ, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा आकडा जुळला नाही तर काट्याला दोष देऊ नका.

निथळलेले वीस जाम ५५० ग्रॅम भरले. तळलेले होते २९०. फरक २६० ग्रॅम, हा जामांनी घेतलेला पाक. गुणिले ०.६२५, म्हणजे साखर १६२.५ ग्रॅम. पाचशेपैकी! तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही किंचित कमी. एका जामात १३ ग्रॅम पाक, ८ ग्रॅमच्या वर थोडी साखर, साडेबत्तीस कॅलरी.

आमच्याकडे हे सगळं चालू असताना आई ओट्यापाशी उभी होती. "इतकं मोजायचं तर करायचेच कशाला रे, एक कमी खा की." मी म्हटलं, "अगं, मोजल्यामुळेच एक जास्त खाता येतोय."

आता लगेच उलटतपासणी करून घ्या. पातेल्यात पाक उरला किती ते मोजा. ८०० मधून २६० गेले तर ५४० उरायला हवा, आपल्याकडे निघाला ५३०. दहा ग्रॅम वाफ आणि चाळणी-झाऱ्याला चिकटून गेला, चालतं. पण चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक आला तर समजा कुठेतरी गडबड आहे, बहुतेक वेळा पातेल्याचं रिकामं वजन चुकीचं लिहिलेलं असतं किंवा पाकात जाम असताना परत गॅस लावलेला असतो आणि पाणी उडालेलं असतं.

पायरी ५: बेरीज

आता आतल्या गोळ्याचं बघू. म्हशीच्या दुधाच्या खव्यात १०० ग्रॅममागे साधारण ४२० कॅलरी, प्रोटीन १५ च्या आसपास, फॅट ३१, कार्ब २०. ओलसर खव्यात हे सगळं थोडं कमी, गायीच्या दुधाच्या खव्यात फॅट कमी. मैद्यात १०० ला ३५० कॅलरी, ७४ कार्ब, ११ प्रोटीन. दोन चमचे दूध सोडून द्या. पाव किलो खवा आणि ५० मैदा मिळून प्रोटीन ४२, फॅट साडेअठ्ठ्याहत्तर, कार्ब ८८ होतात. त्यातून ती चाचणीची गोटी वजा केली आणि वीसने भागलं की कोरड्या गोळ्यामागे प्रोटीन २ ग्रॅम, फॅट ३.८, कार्ब सव्वाचार, कॅलरी ५९.

५९ गोळ्याच्या, साडेतेरा तेलाच्या, साडेबत्तीस पाकाच्या. एक जाम १०५ कॅलरी. प्रोटीन २, फॅट ५.३, कार्ब १२.४ ग्रॅम, वजन साडेसत्तावीस ग्रॅम. सगळी साखर धरली असती तर हाच जाम १७२ कॅलरीचा दिसला असता, म्हणजे एकामागे ६७ कॅलरी नुसत्या कागदावरच्या.

एक गोष्ट लक्षात घ्या, या १०५ पैकी पाकाच्या फक्त साडेबत्तीस आहेत. जवळपास निम्म्या कॅलरी फॅटच्या. गुलाबजाम म्हणजे नुसती साखर असं आपण म्हणतो, पण खव्याचा जाम हा पाकाइतकाच तुपाचा पदार्थ आहे.

अॅपमध्ये भरताना नवीन रेसिपी बनवून खवा २४२, मैदा ४८, तेल ३० आणि साखर १६३ ग्रॅम टाका (खवा-मैद्यातून त्या गोटीचा वाटा काढलेला आहे), आणि सर्व्हिंग "२० नग" न लिहिता एकूण वजन ५५० ग्रॅम लिहा. मग लहान-मोठा कसाही जाम असो, मोजून खाल्लात की बरोबर येतं. तयार पिठाचं पाकीट वापरत असाल तर गोळ्याचे आकडे पाकिटावरून घ्या, पण ते कोरड्या पिठाचे आहेत की तयार जामाचे हे नीट वाचा. तयार जामाचे असतील तर पाक त्यात आधीच धरलेला असू शकतो आणि तुमच्याकडून दोनदा मोजला जाईल.

ही पद्धत कुठे फसते

वजनाच्या फरकावरून साखर काढताना आपण एक गोष्ट गृहीत धरली, की आत गेलेला पाक हा पातेल्यातल्या पाकासारखाच होता. छान फुललेल्या, मुरलेल्या जामला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण पाक फार दाट असेल आणि जाम सुरकुतले असतील तर आतलं पाणी बाहेर गेलेलं असतं आणि साखर आत आलेली असते. वजन कमी वाढतं, साखर मात्र जास्त गेलेली असते. म्हणजे सुरकुतलेल्या जामचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

अशा वेळी उरलेल्या पाकाकडून मागे यायचं. एक अरुंद तोंडाची छोटी बाटली घ्या, काट्यावर ठेवून त्यात बरोबर १०० ग्रॅम पाणी भरा आणि पाण्याच्या रेषेवर पेनने खूण करा. बाटली कोरडी करून त्याच खुणेपर्यंत उरलेला पाक भरा, घरातल्या तापमानाचा, बुडबुडे नसलेला आणि गाळलेला. तो १२३ ग्रॅम भरला तर पाकात साखर सुमारे ५० टक्के, १२९ भरला तर ६०, १३२ भरला तर ६५. उरलेल्या पाकाचं वजन गुणिले हे टक्के म्हणजे उरलेली साखर, ती ५०० मधून वजा केली की जामांत गेलेली. खूण एक-दोन ग्रॅमने जरी हलली तरी टक्के दोन-तीनने हलतात, त्यामुळे बाटली जितकी अरुंद तितकं बरं. ब्रिक्स म्हणजे पाकातले साखरेचे टक्के मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कोणाकडे असेल तर उत्तमच, एका थेंबात काम होतं. शेजारच्या काकूंनी डबा भरून जाम दिले असतील आणि पाक कसा केला हे विचारायची सोय नसेल, तर डब्यातल्या पाकाचे टक्के काढायलाही ही बाटली कामाला येते.

वाटीत घेताना

आत्तापर्यंतचं सगळं निथळलेल्या जामचं झालं. पण आपण वाटीत दोन जाम आणि वर चमच्याने पाक घेतो. पोह्याचा चमचा नाही, मोठा १५ मिलीचा चमचा धरला तर त्यात २० ग्रॅमच्या आसपास पाक बसतो, म्हणजे पन्नास कॅलरी. दोन चमचे पाक ओतून वाटी पिऊन टाकली की जवळजवळ एक अख्खा जाम जास्त खाल्ल्यासारखं आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाटी पाकासकट भरतो तेव्हा आपला सगळा हिशोब त्या तळाच्या पाकावर ठरतो, तो ठेवला की प्यायला यावर.

काहीजण जाम चमच्याने दाबून पाक काढतात. चवीचं जे व्हायचं ते होतं, पण फायदा किती ते मोजता येतं, दाबायच्या आधी आणि नंतर जाम मोजा. साडेसत्तावीसचा बावीस झाला तर साडेपाच ग्रॅम पाक निघाला, १४ कॅलरी वाचल्या. फॅट जिथल्या तिथेच. माझ्या मते एवढ्यासाठी जामचा लगदा करू नये, वाटीतला पाक सोडावा, जाम नीट खावा.

उरलेला ५३० ग्रॅम पाक टाकून देणार असाल तर तो शून्य धरा. पण बहुतेक घरात त्याचे शंकरपाळे होतात, आणि मग ती साखर हिशोबातून गायब होऊन चालत नाही. ५०० मधून १६३ गेली, म्हणजे या पाकात सुमारे ३३७ ग्रॅम साखर आहे, त्यातली दहा ग्रॅम वाफ-चिकटण्यात गेलेली फार तर पाच-सहा ग्रॅमने इकडेतिकडे करेल. शंकरपाळ्यांच्या रेसिपीत साखर म्हणून तेवढी टाका आणि पीठ भिजवताना दूध कमी घ्या, कारण पाकाबरोबर १९० ग्रॅम पाणीही आलेलं आहे.